बाराच जागा, आणि बाराच का

२०२२च्या दिवाळीआधी मी पहिल्यांदा कुटुंबांसाठी छोटे फोटोशूट ठेवले होते. अर्धा तास, एक कुटुंब, एक फ्रेम. इतर फोटोग्राफर लिहायचे तसंच मीही स्टेटसला लिहिलं, "फक्त २ जागा शिल्लक!" खऱ्या किती होत्या? सात. पण सात म्हटलं की लोक "बघू नंतर" म्हणतात, अशी माझी समजूत.

मंगळवारी एका ताईंनी एक जागा घेतली. शुक्रवारी त्यांच्या मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. मी सवयीने म्हणाले, "हो, आहेत, दोनच उरल्यात." पाच मिनिटांत धाकट्या जावेचा मेसेज : "मला मंगळवारी दोन म्हणालात. त्यातली एक मी घेतली. मग वहिनींना आज परत दोन कशा?"

याला उत्तर नव्हतं. "एक रद्द झाली" असं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी खोडलं. एका खोट्यावर दुसरं चढवायचं धाडस झालं नाही. धाकटीचं शूट झालं, थोरली काही आली नाही. मला जास्त लागलं ते वेगळंच. धाकटीने शूटच्या दिवशी तीन वेळा विचारलं, "फ्रेम नक्की दिवाळीआधी मिळेल ना?" जागांचा आकडा खोटा निघाल्यावर तारखेवर तरी तिने का विश्वास ठेवावा?

पुढच्या वर्षी ठरवलं की आकडा सांगायचा तो मोजून. मोजायला बसले तेव्हा कळलं, मर्यादा मुळातच होत्या. मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या.

पहिली मर्यादा उजेडाची. ऑक्टोबरच्या शेवटी पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. पावणेसात ते सव्वाआठ हा दीड तास चेहऱ्यावर मऊ, तिरका प्रकाश असतो. त्यानंतर डोळ्यांखाली सावल्या पडायला लागतात आणि पोरं डोळे बारीक करतात. सावलीत उभं करून काम भागवता येतं, पण मग नमुन्याला दाखवलेल्या फोटोंसारखे फोटो येत नाहीत. एका कुटुंबाला पंचवीस मिनिटं आणि मध्ये पाच मिनिटं. कारण दुसरं कुटुंब आलेलं असतं आणि पहिल्या घरातल्या बाळाचा मोजा सापडत नसतो. म्हणजे एका सकाळी तीन कुटुंबं. चौथं घेतलं तर ते उन्हात जाणार.

दुसरी मर्यादा जागेची. पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पुढे ओळखीच्या एका काकांची रोपवाटिका आहे. त्यांनी साडेआठपर्यंत परवानगी दिली, कारण नंतर गिऱ्हाईक आणि टेम्पो सुरू होतात.

तिसरी मर्यादा वारांची. शाळा, ऑफिसं यांमुळे शनिवार-रविवारच. १५ ऑक्टोबरला घटस्थापना, घरोघरी पूजा, तो रविवार गेला. ४ आणि ५ नोव्हेंबरला शूट केलं तर फ्रेम दिवाळीआधी होत नाही. उरल्या २१, २२, २८ आणि २९ ऑक्टोबर. चार सकाळी, प्रत्येकी तीन. बारा.

फ्रेमचा हिशेब उलट बाजूने केला. ९ नोव्हेंबरला वसुबारस, म्हणजे ८ तारखेला फ्रेम हातात हवी. लॅबवाल्या दादांना फोनवर न विचारता जाऊन विचारलं, कारण फोनवर ते सगळ्यांनाच "होईल" म्हणतात. समोर बसल्यावर खरं सांगितलं : १ नोव्हेंबरला संध्याकाळपर्यंत फाईल आली तर ८ला देतो, नंतर आली तर दिवाळीनंतर, कारण फ्रेम बसवणारी मुलं गावी जातात. बारा फोटोंवर शेवटचा हात फिरवायला मला एक अख्खा दिवस लागतो. तेव्हा कुटुंबांनी आपला फोटो ३१ ऑक्टोबरला रात्री नऊपर्यंत निवडायला हवा. ही तारीख मी ठरवलेली नव्हती, मी फक्त ती शोधून काढली.

१ ऑक्टोबरला जुन्या ग्राहकांना मेसेज गेला :

"नमस्कार. दिवाळीआधी कुटुंबाच्या फोटोंसाठी २१, २२, २८ आणि २९ ऑक्टोबरच्या सकाळी ठेवल्या आहेत. चांगला उजेड सव्वाआठपर्यंतच असतो, त्यामुळे एका दिवशी तीनच कुटुंबं, एकूण बारा. ४५०० रुपये, त्यात १२ बाय १८ची एक फ्रेम. फ्रेम ८ नोव्हेंबरला मिळेल, त्यासाठी फोटो ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत निवडावा लागेल. त्यानंतर निवडलात तर फ्रेम त्याच किमतीत, पण दिवाळीनंतर. नाव १० ऑक्टोबरपर्यंत कळवा."

या मेसेजात एक तारीख अजूनही खोटी होती, आणि ते मला आठवड्याने कळलं.

सात तारखेपर्यंत चारच नावं आली. म्हटलं, खरं सांगून हेच होतं तर! मग एका काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, पितृपंधरवडा चालू आहे. सर्वपित्री होऊ दे, मग सांगते. नवे कपडे आत्ता कोण घेणार?" सर्वपित्री होती १४ला. आणि मी नावं मागत होते १०ला. का? १० तारखेला काहीच अडत नव्हतं. काकांना आणि माझ्या मदतनीस मुलाला वेळापत्रक द्यायचं होतं ते १७ला. दहा हा आकडा मी केवळ लोक लवकर हलतील म्हणून टाकला होता. स्टेटसवरच्या दोन जागांची ती सख्खी बहीण.

मुदत वाढवली तर लोक म्हणतील, हिची तारीख म्हणजे रबर. तसंच ठेवलं तर पंधरवडा पाळणारी घरं जाणार. शेवटी लिहिलं : "१० तारीख मी घाईत लिहिली होती, चूक माझी. रोपवाटिकेला वेळापत्रक १७ला द्यायचं आहे, म्हणून १६च्या रात्रीपर्यंत कळवलं तरी चालेल. आत्तापर्यंत चार जागा भरल्या आहेत, आठ आहेत." "आठ आहेत" लिहिताना हात अडखळला, कारण आठ म्हणजे दुकानात गर्दी नाही हे कबूल करणं. पण पाठवलं. १५ आणि १६ या दोन दिवसांत आठही गेल्या.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट मात्र आधीच ठरवलेली होती, म्हणून निभावलं. "आमचं धरून ठेवा हं" म्हणणाऱ्यांचं काय करायचं? मराठी माणूस पैसे न देता शब्द देतो आणि तो शब्द खराही असतो, पण त्याची तारीख नसते. मी म्हणायचे, "उद्या रात्री नऊपर्यंत तुमच्या नावावर ठेवते. तोवर हजार रुपये आले तर पक्कं, नाहीतर पुढच्यांना विचारते. नको असेल तर तसं सांगा, अजिबात वाईट वाटणार नाही." मध्ये एकदाच आठवण करायची, तीही संध्याकाळी सातला, एका ओळीत. दोघांनी "नको" कळवलं आणि तेच सोयीचं झालं. घोळात ठेवणाऱ्यांमुळे जागा अडते, नकार देणाऱ्यांमुळे सुटते.

तेरावा फोन १७च्या सकाळी आला. जुनं ओळखीचं घर, आजी-आजोबा गावाहून येणार होते. "साडेआठला येतो की, उन्हाचं आम्ही बघू." पैसे दिसत होते. पण बारा घरांना मी उजेडाचं कारण सांगितलं होतं, आणि त्यातलं सव्वाआठला निघणारं कुटुंब फाटकापाशी या तेराव्याला भेटलंच असतं. म्हणाले, "कोणी रद्द केलं तर पहिला फोन तुम्हाला."

रद्द झालंही, पण कसं! २८ला कोजागरी होती आणि त्याच रात्री चंद्रग्रहण. गच्चीवरचं मसाला दूध, जागरण, रात्री अडीचच्या सुमारास ग्रहण सुटल्यावर घरातल्या मोठ्यांची आंघोळ, आणि मग पावणेसातला मांजरी. पंचांग मी मार्चपर्यंतच्या लग्नतिथींसाठी पालथं घातलं होतं, ग्रहणाचं पान मात्र पाहिलं नव्हतं. २९च्या पहिल्या कुटुंबाने गुरुवारी नम्रपणे नकार कळवला. मी तेराव्या घराला फोन केला. ते म्हणाले, "ग्रहणामुळे आमच्याही आजी तयार नाहीत." मग स्टेटसला लिहिलं, "२९च्या पावणेसातची एक जागा ग्रहणामुळे मोकळी झाली आहे." उत्तरं सगळी हसण्याची. ती जागा रिकामीच राहिली. पाऊण तास काकांबरोबर चहा घेतला. रद्द करणाऱ्यांचे हजार रुपये परत केले. तीन दिवस आधी कळवलं होतं आणि ग्रहण मलाही दिसायला हवं होतं.

आता ३१ तारीख. अकरापैकी नऊ घरांनी वेळेत निवड केली. दहाव्यांनी पावणेनऊला फोन करून, "दोनातला कुठला?" एवढंच विचारलं, मी कुठला ते सांगितलं. अकरावं घर गप्प. संध्याकाळी पाचला आठवण केली होती : "आज नऊपर्यंत निवडलात तर ८ला मिळेल, नंतर निवडलात तर दिवाळीनंतर. फोटो कुठे जात नाहीत." त्यांचा मेसेज आला २ नोव्हेंबरला दुपारी : "हा घ्या. ८ला मिळेल ना?"

इथे मन फार ओढ घेतं. लॅबवाल्या दादांना गळ घालावी, जास्तीचे पैसे द्यावेत, काहीतरी होतंच. होतंही कदाचित. पण तसं केलं की ज्या दहा घरांनी घाईघाईत जेवणं आटपून फोटो निवडले, ते मूर्ख ठरतात. मी लिहिलं, "आता दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास. छापलेला साधा फोटो मात्र उद्या पाठवू शकते, त्याचे पैसे नाहीत." त्या घरच्या ताई थोड्या नाराज झाल्या, पण "तुम्ही सांगितलं होतंत" हेही त्यांनीच लिहिलं. साधा फोटो त्यांनी दिवाळीत देवघराशेजारी चिकटपट्टीने लावला.

त्याच महिन्यात, ३० नोव्हेंबरला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. फसवणुकीचे तेरा प्रकार, आणि त्यात खोटी निकड दाखवणं हाही एक. बातमी वाचताना मला त्या दोन जावा आठवल्या. त्यांनी तो नियम माझ्यावर वर्षभर आधीच लावला होता.

थोरल्या जाऊबाई २०२३मध्येही आल्या नव्हत्या. २०२४च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "या वेळी किती आहेत?" म्हटलं, "नऊ. एक सकाळ कमी आहे, माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "लग्न कुठे आहे?"

मी हॉलचं नाव सांगितलं.