शंभर मीटर, ११६ पावलं

पोटरी धरून लंगडत आलेल्या ताई शहापूरच्या, वय चाळीसच्या आसपास. पळायला लागून तीन महिने झालेले. दुखणं टाचेच्या वर, जाड शिरेत; सकाळी बिछान्यातून उतरताना पहिली दहा पावलं सर्वात वाईट. आधी गुडघा दुखत होता. तो बरा व्हावा म्हणून कुणीतरी सांगितलं, पाऊल आखडायला मिनिटाला १८० पावलं पडली पाहिजेत. "मोबाईलवर ठेका लावून पंधरा दिवस पळालो की हो डॉक्टर, गुडघा राहिला बाजूला, पोटरी धरली!"

आठवडाभर फक्त चालणं आणि पोटरीचे हलके व्यायाम दिले. शीर निवल्यावर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर टेपने शंभर मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. पहिल्यांदा ठेका न लावता, बोलता येईल अशा वेगाने पळायला सांगितलं. वेळ ४५ सेकंद, पावलं ११६. म्हणजे मिनिटाला साधारण १५५ आणि एक पाऊल ८६ सेंटिमीटरचं. मग एकदाच १८०चा ठेका लावला. पावलं १२०, वेळ ४० सेकंद.

हे आकडे जरा सावकाश पाहा. १२० पावलांत १०० मीटर, म्हणजे पाऊल ८३ सेंटिमीटर. मिनिटाला २५ पावलं जास्त टाकूनही पाऊल जेमतेम तीन सेंटिमीटर आखडलं होतं. ठेका गाठायच्या नादात ताईंचा वेगच वाढला होता, ताशी ८ किलोमीटरवरून ९ वर. शिवाय घाईत टाच खाली येईना, सगळा भार चवड्यावर, आणि चवड्यावरचा भार पेलते ती पोटरी आणि तिची शीर. तीन महिन्यांच्या पळण्याने ती एवढ्याला तयार झालेली नसते. वेग म्हणजे पावलांची संख्या गुणिले पावलाची लांबी. वेग धरून ठेवला नाही, तर नुसती संख्या वाढवून पाऊल आखडेलच असं नाही.

१८० हा आकडा कुठला, तेही सांगायला हवं. अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली होती. जवळपास सगळ्यांची १८० किंवा त्याहून जास्त भरली. पण ते शर्यतीतले जगातले निवडक धावपटू. वेग वाढला की पावलं आपोआप वाढतात. तोच आकडा सावकाश पळणाऱ्या नवख्याला लावणं मला चुकीचं वाटतं.

ताईंचा गुडघा मुळात का दुखला? विचारत गेल्यावर कळलं की तीन किलोमीटरवरून एका रविवारी थेट सात, तेही परतीला उतारावर. उतारावर पाऊल आपसूक लांबतं. नवख्यांच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ अंतराच्या अशा उडीत असतं, आणि तिथे चाल बदलून काही होत नाही. म्हणून पहिले दोन-तीन महिने कुणी विचारलं तर मी चालीला हात लावू देत नाही. शरीर स्वतः निवडतं तो ठेका बहुधा कमी दमवणाऱ्या ठेक्याच्या जवळपासच असतो.

ताईंच्या बाबतीत मात्र बाजूने मोबाईलवर स्लो मोशन काढलं, तेव्हा एक खरी खोट दिसली. पाऊल टेकताना गुडघा जवळजवळ ताठ आणि टाच गुडघ्याच्या बरीच पुढे. असं पाऊल पडलं की प्रत्येक वेळी ब्रेक लागतो आणि धक्का गुडघ्याकडे जातो. पुन्हा पुन्हा दुखणारा गुडघा आणि हे चित्र, दोन्ही एकत्र असतील तरच बदल करावा, आणि तोही आपल्या स्वतःच्या आकड्याच्या पाच टक्के.

१५५ चे पाच टक्के म्हणजे सात-आठ. ठेका १६२ ला लावला आणि शंभर मीटर त्याच ४५ सेकंदांत पुरे करायचे, अशी अट घातली. पहिल्या दोन फेऱ्या ४२ सेकंदांत आल्या. तिसरीला वेळ जमला, पावलं भरली १२१, पाऊल सुमारे साडेब्याऐंशी सेंटिमीटर. म्हणजे १८०च्या धडपडीत जेवढं आखडलं, त्याहून किंचित जास्तच, आणि टाचही निवांत टेकत होती. "पाऊल लहान करा" असं मी म्हटलंच नाही, कारण तसं म्हटलं की माणूस पाय आवळून पळतो.

पुढे आठवड्यातून तीन दिवस, सपाट रस्त्यावर वीस मिनिटं. एक मिनिट ठेका, चार मिनिटं ठेका बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी शीर ताठ वाटली तर ठेक्याची मिनिटं कमी. पाचव्या आठवड्यात ठेका न लावता मोजलं तेव्हा ४५ सेकंदांत ११९ आली. गुडघा शांत होता, अंतर चार किलोमीटर. त्यावर आम्ही ठेका काढून टाकला आणि पुढे फक्त अंतर हळूहळू वाढवत नेलं.