ताण तितकाच, वेग मात्र कमी

त्या दिवशी तिसरी फेक सुटली तेव्हा मला खात्री होती की ही साठच्या पुढे गेली. शेवटची गिरकी कधी नव्हे इतक्या झपाट्याने झाली होती आणि हातोडा हातमोज्यातली बोटं सोबत ओढून नेतोय असं वाटत होतं. टेपवर आकडा आला 54.80 मीटर. सकाळची पहिली फेक मला संथ वाटली होती, आणि ती होती 59.40.

नशिबाने त्या दिवशी हातोड्याची मूठ आणि तार यांच्यामध्ये ताण मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला होता. वर्तुळामागे कॅमेराही होता, त्यातून प्रत्येक गिरकीचा वेळ कळत होता. सरांनी दोन्ही फेकींचे शेवटच्या गिरकीचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. पहिल्या फेकीत सुटण्याच्या क्षणी कोनीय वेग सेकंदाला 14.8 रेडियन आणि तारेतला ताण 1445 न्यूटन. तिसऱ्या फेकीत कोनीय वेग 15.6 आणि ताण 1460. दोन्ही बाबतींत तिसरी फेक वरचढ होती, मग हातोडा जवळ का पडला?

"गोळ्याचा वेग काढ," सर म्हणाले.

तारेच्या टोकाचा गोळा वर्तुळात धरून ठेवायला लागणारा ताण `T = mω²r` आणि गोळ्याचा वेग `v = ωr`; m म्हणजे वस्तुमान, ω कोनीय वेग, r त्रिज्या. म्हणजे `T = mvω`, आणि त्यातून `v = T/(mω)`. त्रिज्या मोजायचीही गरज नाही. आमचा हातोडा 4 किलोचा. पहिल्या फेकीसाठी 1445 ला 4 × 14.8 ने भागलं की सेकंदाला 24.4 मीटर येतात. तिसऱ्यासाठी 1460 भागिले 4 × 15.6, म्हणजे 23.4. फक्त एक मीटरचा फरक, पण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे तेवढ्यानेच साडेचार मीटर गेले. ताण 150 किलोचं वजन लटकावं तितका असूनही त्यातलं वाढीव काही गोळ्याच्या कामी आलं नव्हतं.

वेगाला कोनीय वेगाने भागलं की त्रिज्या मिळते. पहिल्या फेकीत ती 1.65 मीटर होती, तिसऱ्यात 1.50. तार तर तीच. मग 15 सेंटिमीटर गेले कुठे?

चित्रफीत एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली तेव्हा दिसलं. पहिल्या गिरकीत दोन्ही फेकी जवळजवळ सारख्याच होत्या: गोळ्याचा वेग सेकंदाला 16 मीटरच्या आसपास, ताण 60-65 किलोइतका, हात सरळ, खांदे सैल. दुसऱ्या गिरकीत ताण 90 किलोकडे गेला आणि तिथे माझे कोपर किंचित वाकले. खांदे मागे खेचले गेले, डोकं गोळ्याच्या आधी वळायला लागलं. ओढ वाढली की शरीर आपोआप आखडतं. तिसऱ्या गिरकीत त्रिज्या आणखी घटली, चौथीत 1.50 वर आली.

माझ्यासोबत सराव करणारी धाकटी मुलगी म्हणाली, "पण ताई, बर्फावर गिरक्या घेणारी हात जवळ आणते तेव्हा जास्तच वेगाने फिरते ना?" प्रश्न अगदी योग्य होता. बाहेरून काही अडथळा नसता तर त्रिज्या 1.65 वरून 1.50 झाल्यावर कोनीय वेग 21 टक्के वाढायला हवा होता, आणि गोळ्याचा रेषीय वेगही वाढला असता. माझा कोनीय वेग वाढला जेमतेम 5 टक्के. बाकीचं पायांत हरवलं. बर्फावरच्या मुलीला प्रत्येक फेरीत पाय उचलून पुन्हा टेकवावा लागत नाही, आम्हाला लागतो. गोळ्याला वेग मुख्यतः दोन्ही पाय जमिनीवर असतानाच देता येतो, कारण तेव्हाच तारेला गोळ्याच्या थोडं पुढे खेचता येतं. नुसती केंद्राकडे ओढ दिली तर गोळा फक्त वळतो. माझी गिरकी लहान आणि घाईची झाली होती, उजवा पाय उशिरा टेकत होता, आणि ढकलायचा तो वेळच आक्रसला होता. पाय किती वेगाने फिरू शकतात याला मर्यादा आहे, म्हणून त्या मर्यादेत त्रिज्या जितकी मोठी राखता येईल तितका गोळा वेगवान.

त्यानंतरच्या दोन फेकी सरांनी मोजल्याच नाहीत. नुसत्या तीन गिरक्या, कमी जोरात, नजर गोळ्यावर. ताण येतोय असं जाणवलं की कोपर वाकवायचे नाहीत, नितंब मागे टेकवून बसल्यासारखं व्हायचं, म्हणजे वजनाला वजनाने तोलायचं. मला हे अवघड जातं, कारण ओढ वाढली की सैल सोडणं अंगाला पटत नाही.

सहाव्या फेकीत चार गिरक्या घेतल्या. शेवटची गिरकी संथ वाटली आणि मला वाटलं फसली. कोनीय वेग 14.7, ताण 1440 न्यूटन. वेग आला 24.5. टेप धरलेली मुलगी तिकडून ओरडली, "एकोणसाठ ऐंशी!"