भाच्याच्या प्रेझेंटेशनमधले ‘म्हणून’ शोधताना

भाच्याचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. रसायनविरहित गुळाची पावडर करायची, त्यासाठी मशिनरीला कर्ज हवं, म्हणून बँकेपुढे मांडायला त्यानं बारा स्लाइड केल्या होत्या. “मामा, दिसायला बरं झालंय का बघा,” म्हणाला. दिसायला छानच होतं. मी स्लाइड बंद करून कोरे कागद काढले.

प्रत्येक स्लाइडचं म्हणणं एका पूर्ण वाक्यात लिही म्हटलं. ‘बाजारपेठ’ हे वाक्य नव्हे. ‘पुण्या-मुंबईत पावडरीला मागणी आहे’ हे वाक्य. दोन स्लाइडची वाक्यं होईनात, तिथे नुसते फोटो होते. त्या लगेच गेल्या.

मग चिठ्ठ्या ओळीत मांडल्या आणि दोन चिठ्ठ्यांमध्ये ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘कारण’ यातलं काय बसतं ते बघितलं. जिथे फक्त ‘आणि’ बसतं, तिथे बहुधा दुवा तुटलेला असतो. चौथी चिठ्ठी: आमचा गूळ रसायनविरहित आहे. पाचवी: कोल्हापुरी गुळाला जीआय मानांकन आहे. भाच्यानं मध्ये ‘कारण’ लिहिलं. इथंच खरी गोम होती. जीआय मानांकन उत्पादनाचा संबंध त्याच्या प्रदेशाशी जोडतं; भाच्याच्या काहिलीत हायड्रॉस, म्हणजे गुळाचा रंग उजळायला घालतात ती पावडर, पडलं की नाही, हे ते सांगत नाही. पुरावा होता, पण दुसऱ्याच विधानाचा. असा पुरावा फसवा, कारण जागा रिकामी दिसत नाही.

पुढे तर दोन चिठ्ठ्या एकमेकींशी भांडत होत्या. एकीवर ‘बाजार समितीच्या सौद्यात पिवळ्याधमक गुळाला चांगला दर मिळतो’, दुसरीवर ‘आमच्या गुळाला जास्त दर मिळेल’. हायड्रॉस न घातलेला गूळ सहसा काळपट निघतो. म्हणजे पहिलं विधान दुसऱ्याच्या मुळावर येत होतं. मध्ये ‘पण’ घातला तेव्हा हरवलेली स्लाइड सापडली: पावडरीचं गिऱ्हाईक सौद्यातलं नाही, ते रंग बघून नव्हे तर पाकिटावरची माहिती वाचून घेतं. हे भाच्याला माहीत होतं, बोलताना तो सांगायचाही. स्लाइडवर मात्र कुठंच नव्हतं.

शेवटी उलटं आलो. कर्जाच्या आकड्यापासून मागे जात ‘हे खरं ठरायला आधी काय खरं हवं?’ असं विचारत गेलो. हप्ता भरायला वर्षभर विक्री हवी, पण गुऱ्हाळ चालतं हंगामात. पावसाळ्यात विकायचा माल ठेवणार कुठे, त्याला ओल लागणार नाही कशावरून, याची चिठ्ठीच नव्हती.

या पद्धतीनं पुरावा आहे की नाही ते कळतं, तो खरा आहे का ते कळत नाही. हायड्रॉस घातलं की गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो; तो तपासायला भाच्यानं गुळाचा नमुना प्रयोगशाळेत दिलाय. अहवाल येईपर्यंत ‘रसायनविरहित’ हा शब्द काढून ‘हायड्रॉस न वापरता, भेंडीच्या रसानं मळी काढलेला’ एवढंच लिहिलंय. त्याला ते फिकं वाटतं. मला नाही वाटत.