पूर्वेच्या दारावर ऊन कुठून येतं: लातूरच्या एका घराचं रेंडर करून घेताना

लातुरात मी घरांचे नकाशे आणि एलिव्हेशन करतो. रेंडर मात्र पुण्याच्या एका मुलाकडून करून घेतो. मी मॉडेल आणि सोबत लिहून दिलेलं वर्णन पाठवतो, तो चित्र करून पाठवतो. गेल्या दिवाळीनंतर एका निवृत्त गुरुजींच्या घराचं काम आलं. प्लॉट ३० बाय ५०, रस्ता पूर्वेला, वास्तुशांती पुढच्या मार्गशीर्षात करायची. गुरुजींना दोन चित्रं हवी होती, एक सकाळचं आणि एक दुपारनंतरचं. "दुपारच्याला दारावर मस्त सोनेरी ऊन दाखवा बाबा," असं त्यांनी सांगितलं. पहिल्या चित्राचं वर्णन लिहिणं सोपं वाटतं, दुसऱ्याचं अवघड. प्रत्यक्षात दोन्हींना सारखाच विचार करावा लागतो.

"पूर्वाभिमुख घर" एवढं लिहून दिलं की रेंडर करणारा सूर्य थेट दारासमोर ठेवतो. वर्षभरात तसा सूर्य फार थोडे दिवस असतो. म्हणून मी आधी प्लॉट नेमका किती अंशांवर आहे ते काढतो. लेआउटच्या नकाशावर उत्तरेचा बाण असतो, पण आपल्याकडचे बरेच लेआउट जुन्या सर्व्हे नंबरच्या बांधाला धरून पडलेले आहेत. बांध जिकडं गेला तिकडं रस्ता गेला. मोबाइलचा कंपास मी फक्त अंदाजापुरता पाहतो. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षाही कमी फरक आहे, म्हणजे तो भाग चिंतेचा नाही. पण जवळ सळईचा ढीग किंवा गाडी असली की काटा सहज पाच-दहा अंश फिरतो.

त्यापेक्षा ओळंब्याची सावली भरवशाची. घड्याळातले बारा म्हणजे लातूरचा मध्यान्ह नव्हे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि लातूर साधारण ७६.६ अंशांवर, म्हणून इथला मध्यान्ह सरासरीनं १२ वाजून २४ मिनिटांनी येतो. त्यात ऋतूप्रमाणे पंधराएक मिनिटं इकडंतिकडं होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो १२ वाजून ८ मिनिटांच्या आसपास असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ३८ मिनिटांपर्यंत जातो. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली बरोबर दक्षिणोत्तर पडते. गुरुजींच्या प्लॉटवर तीन बांबूंची तिवई करून ओळंबा टांगला, वेळ झाल्यावर सावलीवर चुन्याची रेघ मारली आणि ती उत्तरेकडं दहा फूट नेली. तिथून रस्त्याच्या समांतर रेषेपर्यंत टेप लावला तर अंतर भरलं २ फूट ८ इंच. म्हणजे समोरची भिंत दक्षिणोत्तर रेषेशी १५ अंशांचा कोन करून उभी राहणार होती. तिचं उत्तरेकडचं टोक पूर्वेला सरकलेलं, म्हणून घराचं तोंड उत्तरेपासून ९० अंशांवर नसून १०५ अंशांवर, पूर्वेपेक्षा थोडं दक्षिणेकडं. उपग्रहाच्या नकाशावर रस्त्याची रेघ ताडून पाहिली, तीही तेवढीच तिरकी निघाली. ही युक्ती मेच्या मध्यात आणि जुलैअखेरीस मात्र चालत नाही. तेव्हा लातुरात मध्यान्हीला सूर्य डोक्यावर असतो आणि सावली पायाखालीच राहते.

हा आकडा हाती आला की प्रश्न एकच उरतो. निवडलेल्या दिवशी, निवडलेल्या वेळी सूर्य उत्तरेपासून किती अंशांवर आणि क्षितिजापासून किती वर? लातूरचा अक्षांश १८.४ घातला तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी नऊला सूर्य १२८ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि २५ अंश उंच येतो. दाराचं तोंड १०५ वर. फरक २३ अंश, तोही दक्षिणेकडं.

इथून पुढं दिशेची भाषा सोडून बघणाऱ्याची भाषा धरावी लागते. रेंडरमधला कॅमेरा रस्त्यावर उभा राहून पश्चिमेकडं, घराकडं बघतो. त्याच्या डाव्या हाताला दक्षिण, उजव्या हाताला उत्तर. म्हणून डिसेंबरातलं नऊचं ऊन त्याच्या डाव्या खांद्यावरून, पाठीमागून येतं, आणि घरावरच्या सगळ्या सावल्या उजवीकडं आणि खाली पडतात. समोरच्या भिंतीवर एक फूट पुढं आलेल्या उभ्या पट्ट्या आहेत, त्यांची सावली उजवीकडं साधारण पाच इंच रुंद. तीन फुटी छज्ज्याची सावली खाली जेमतेम दीड फूट. म्हणजे दाराची वरची चौकट सावलीत आणि बाकी दार, कडी, उंबरा, सगळं उन्हात.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याच वेळी सूर्य ७५ अंशांवर असतो, ईशान्येकडं, आणि ४२ अंश उंच. आता तो दाराच्या तोंडापासून ३० अंश उत्तरेला, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला गेला. सावल्या उलट्या, डावीकडं पडतात आणि छज्ज्याची सावली तीन फुटांच्या थोडी पुढं जाते. घर तेच, वेळ तीच, चित्र आरशात पाहिल्यासारखं फिरलं. महिना न लिहिता "सकाळचं ऊन" एवढंच लिहिलं तर समोरच्यानं डावीकडून घ्यायचं की उजवीकडून, हे त्यानं ठरवायचं तरी कशावरून?

मी पुण्याला पाठवलेलं सकाळचं वर्णन असं होतं: "लातूर, २२ डिसेंबर, सकाळी ९. घराचं तोंड उत्तरेपासून १०५ अंशांवर. कॅमेरा रस्त्यावर, घराकडं बघणारा. ऊन कॅमेऱ्याच्या डावीकडून, मागून, २५ अंश उंचीवरून. सावल्या उजवीकडं आणि खाली. छज्ज्याखाली दीड फूट सावली, दार उन्हात. ऊन स्वच्छ, किंचित उबदार. सूर्योदयाचा तांबूसपणा नको." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. नऊला सूर्य उगवून दोन तास होऊन गेलेले असतात, तांबडं आकाश त्या उंचीला शोभत नाही.

पहिलं चित्र आलं त्यात छज्ज्याची सावली उजवीकडं बरोबर पडली होती, पण खिडकीच्या काचेत चमकणारा सूर्य आणि ढगांची उजळलेली कड दुसऱ्याच बाजूला होती. त्या मुलानं सूर्य वेगळा ठेवला होता आणि आकाशाचा तयार फोटो वेगळा. त्या फोटोत स्वतःचा सूर्य असतोच. अशा वेळी मी तीन ठिकाणं बघतो: उभ्या पट्टीची सावली, गेटच्या खांबाची जमिनीवरची सावली आणि ढगांची उजळ बाजू. तिन्ही एकच सूर्य सांगत असतील तर चित्र खरं. आकाशाचा फोटो फिरवून त्यानं तासाभरात दुरुस्त करून पाठवलं. स्केचअपमध्ये काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. फाइलला ठिकाण दिलं नसेल तर तिचं गाव अमेरिकेतलं बोल्डर धरलेलं असतं, ४० अंश अक्षांशावर. तिथला सूर्य मध्यान्हीला कधीच उत्तरेला जात नाही. आपल्याकडं मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत तो उत्तरेला असतो. शिवाय हिरव्या अक्षाची अखंड रेघ म्हणजे उत्तर हे धरून मॉडेल १५ अंश फिरवावं लागतं. नकाशा कागदावर सरळ काढलेला असतो म्हणून मॉडेलही सरळच ठेवलं जातं, आणि मेहनतीनं मोजलेला कोन तिथंच हरवतो.

आता दुपार. डिसेंबरात गुरुजींच्या दर्शनी भिंतीवरचं ऊन एकच्या सुमारास संपतं. तोंड बरोबर ९० अंशांवर असतं तर ते मध्यान्हीला, १२ वाजून २२ मिनिटांनी संपलं असतं. दक्षिणेकडच्या १५ अंशांनी पाऊण तास जास्त दिला. जूनमध्ये मात्र ते साडेबाराच्या आतच जातं. त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत दारावर थेट ऊन पडणं शक्य नाही, कारण सूर्य घराच्या पाठीमागं असतो.

हे मी गुरुजींना त्यांच्या जुन्या घराच्या ओसरीवर बसून सांगितलं. तेही पूर्वेच्या तोंडाचंच. "चार वाजता इथं दारावर ऊन असतं का गुरुजी?" असं विचारलं. ते दाराकडं बघून म्हणाले, "नसतं. म्हणून तर दुपारच्याला इथं बसायला बरं." मग चित्रात तेच दाखवायचं ठरलं.

२२ डिसेंबरला दुपारी चारला सूर्य २३४ अंशांवर, नैर्ऋत्येला, २२ अंश उंच. घराची पॅरापेटसकट उंची २४ फूट, म्हणून सावली सुमारे ५८ फूट लांब. पण ती सरळ समोर येत नाही, बघणाऱ्याच्या उजवीकडं कललेली असते. समोर ३७ फुटांपर्यंत येते, म्हणजे दहा फुटांचं अंगण आणि तीस फुटांचा रस्ता जवळजवळ ओलांडते. डावीकडचा, दक्षिणेचा प्लॉट सध्या मोकळा आहे, म्हणून त्या बाजूनं अंगणाच्या डाव्या कोपऱ्यात उन्हाचा एक त्रिकोणी तुकडा शिरतो. वर्णनात मी लिहिलं: "दर्शनी भाग पूर्ण सावलीत. भिंतीवर एकही उन्हाचा पट्टा नको, सावलीची कडक रेघही नको. प्रकाश आकाशाचा, किंचित निळसर, आणि समोरच्या पांढऱ्या घरावरून परतलेला, किंचित उबदार. अंगणात डावीकडं उन्हाचा त्रिकोण. सूर्य चित्रात दिसत नाही." शेजारच्या प्लॉटवर घर उभं राहिलं की तो त्रिकोण जाईल, हेही गुरुजींना सांगून ठेवलं.

सोनेरी उजेडाची हौस सूर्यास्तानंतरच्या चित्रानं भागली. डिसेंबरात इथं सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. सहा वाजून पाच मिनिटांचं चित्र केलं: घरामागं पश्चिमेचं केशरी आकाश, त्यासमोर घर गडद, आणि दारावरचा सोनेरी रंग ओसरीतल्या दिव्याचा.

जूनचं सकाळचं चित्रही गुरुजींनी मागून घेतलं. दोन फुटी छज्ज्यानं चार फुटी खिडकी जेमतेम अर्धी झाकली जात होती, तीन फुटी छज्ज्यानं खाली एक फूटही ऊन राहत नव्हतं. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली आणि गवंड्याला तीन फूटच सांगा म्हणाले. नकाशात तसं लिहून दिलं.