तीन पोस्टरांचा अडलेला क्रम : माझा अनुभव

शाळेतील प्रकल्प पोस्टरांचा क्रम लावण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हाती दिलेल्या गुणपत्रकात मांडणी, रंग आणि दुरून वाचता येणे असे तीन निकष, प्रत्येकी 10 गुण आणि खाली बेरीज एवढेच होते. बेरीज सारखी आल्यास काय करावे, याचा त्यात उल्लेख नव्हता आणि ती उणीव मला अजूनही खटकते.

बहुतेक पोस्टरांचा क्रम सहज लागला, पण वरची तीन अडली. जलचक्राची मांडणी सर्वांत स्पष्ट होती, कारण बाणांच्या मागे नजर आपोआप फिरत होती. रंगांत ते दुसरे होते, पण बारीक बॉलपेनने लिहिलेल्या नावांमुळे दुरून वाचण्यात तिसरे होते. पचनसंस्थेची अक्षरे जाड, काळी असल्याने ती दुरून वाचण्यात पहिली आणि मांडणीत दुसरी होती. मात्र प्रत्येक अवयवाला विनाकारण भडक रंग दिल्याने रंगांत तिसरी. गडद निळ्यावर पांढरी अक्षरे असलेली सूर्यमाला रंगांत पहिली आणि दुरून वाचण्यात दुसरी होती, पण मजकूर कोपऱ्यांत विखुरल्याने मांडणीत तिसरी. तिन्हींच्या क्रमांकांची बेरीज 6! जोड्या लावून पाहिले तर जलचक्र पचनसंस्थेला, पचनसंस्था सूर्यमालेला आणि सूर्यमाला जलचक्राला दोन निकषांवर मागे टाकत होती. परीक्षकांमध्ये बराच वेळ वाद झाला, कारण प्रत्येकाकडे आपल्या आवडत्या पोस्टरासाठी खरे कारण होते. असे चक्र परीक्षकांच्या चुकीने नव्हे, तर तिन्ही निकषांना समान वजन दिल्याने तयार होते आणि पुन्हा गुण मोजून ते सुटत नाही.

शेवटी मी दुरून वाचता येणे ही पात्रतेची अट मानण्याचा आग्रह धरला, कारण तिन्हींपैकी तेवढेच प्रत्यक्ष पडताळता येते. पोस्टर आधी न पाहिलेल्या व्यक्तीला 3 मीटरवर उभे करून शीर्षक आणि चित्रांतील नावे वाचायला सांगितली. जलचक्रातील 'बाष्पीभवन' तिला वाचता आले नाही आणि ते तिसरे ठरले. उरलेल्या दोहोंत पचनसंस्था मांडणी आणि वाचनीयता या दोन निकषांवर सरस असल्याने पहिली आली. मला हा निकाल आजही योग्य वाटतो.

निकषांचा हा अग्रक्रम पोस्टर पाहण्याआधीच लिहून ठेवावा, नाहीतर तो आवडत्या पोस्टराच्या बाजूने झुकतो. 3 मीटरवरून आरामात वाचण्यासाठी शीर्षकाचे अक्षर साधारण 25 मिलिमीटर उंच असावे. देवनागरीत अनुस्वार आणि वेलांटीचे फरक आधी पुसट होतात, म्हणून तेच तपासावेत. आणखी एक आठवले : रंगांविषयी मतभेद झाल्यास पोस्टराचा फोटो कृष्णधवल करून पाहावा, पांढऱ्यावरील पिवळी अक्षरे त्यात जवळजवळ नाहीशी होतात. सर्व पोस्टर एकाच उंचीवर आणि सारख्या उजेडात लावलेली नसतील, तर ही कोणतीही तुलना करू नये.