वाळूजच्या एचआरला मी विचारलेला पहिला प्रश्न

इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका कंपनीच्या एचआर बाईंनी माझं प्रपोजल परत पाठवलं तेव्हा मी दोन दिवस धुसफुसत होते. ग्रूमिंग आणि पर्सनल प्रेझेंटेशनचं वर्कशॉप, तीन तासांचं. मजकूर मी संभाजीनगरला शोरूमच्या मुलींना शिकवायचे तेव्हाचाच होता: मुलींसाठी हलका मेकअप, बांधलेले केस, छोटी हील, मुलांसाठी रोजची दाढी. बाईंनी यातल्या बहुतेक ओळी खोडल्या होत्या.

२०१६ मध्ये लंडनला एका रिसेप्शनिस्टला हील घातली नाही म्हणून घरी पाठवल्याचं प्रकरण गाजलं, संसदेत चर्चा झाली आणि २०१८ मध्ये सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. नियम स्त्री-पुरुषांना अगदी सारखे नसले तरी तोलाचे हवेत, आणि फक्त बायकांवर मेकअप किंवा हीलची सक्ती केली तर ती बहुधा बेकायदा ठरेल. मला हे ठाऊक नव्हतं. पण मला जास्त लागलं ते बाईंनी पुढे फोनवर विचारलेलं. "राहणीबद्दलची तक्रार किती जणांबद्दल आहे, हे तुम्ही आम्हाला विचारलंच नाही. एक-दोघांबद्दल असती, तर आम्ही तुम्हाला बोलावलंच नसतं. आम्हीच त्यांच्याशी बोललो असतो."

ते ऐकून मी गप्प झाले. दहा वर्षं हे काम करतेय, आणि हा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता.

यंदा डिसेंबरात गावी आले तेव्हा संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत बोलणं लागलं. परदेशी ग्राहकांची टीम फेब्रुवारीत येणार होती. एचआर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, साठ जण आहेत. कँटीनच्या हॉलमध्ये एक तास घ्या, पर हेड तीनशे देतो."

मी आधी तो प्रश्न विचारला. त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली केला. "खरं सांगू का, लाइनवरचा एक पोरगा आहे. घामाचा वास येतो. बाजूचे लोक बोलायलेत. त्याला एकट्याला कसं सांगायचं? सगळ्यांना सांगितलं की त्यालाही कळेल."

नाही कळत. माझा अनुभव असा, की अशा वर्गात ज्याच्यासाठी सांगतोय तो सोडून बाकीचे सगळे शर्टाचा वास घेऊन बघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या एकाकडे बघून हसतात. मी मॅनेजरना सांगितलं, की त्याच्याशी तुम्हीच बोला. शिफ्ट संपल्यावर, केबिनमध्ये, दोघंच, पाच मिनिटं. "लोक म्हणतात" असं म्हणू नका, "माझ्या लक्षात आलं" असं म्हणा. आणि काही अडचण आहे का ते विचारा, कारण कधी औषधाने किंवा आजारानेही वास येतो.

ते बोलले. पोरगा वाळूजजवळच्या रांजणगावात एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. युनिफॉर्मचे दोन जोड, दोन्ही पॉलिस्टरचे. सुती कापडापेक्षा पॉलिस्टरमध्ये वास जास्त टिकतो, आणि बोअरच्या जड पाण्यात साबण धड फेसाळत नाही, त्याचा साका कपड्यात बसतो. धुतलेला शर्टही अंगावर गरम झाला की वास मारतो. मी म्हटलं, त्याला तिसरा जोड द्या, जमल्यास सुती जास्त असलेल्या कापडाचा. आणि शिफ्ट सुटल्यावर अंघोळीची सोय. सोय कंपनीत होतीच, पण ती फक्त सुपरवायझर वापरत.

इथे मला लेस्टरच्या बाईंना मनातल्या मनात उत्तर द्यावंसं वाटलं. तुमच्याकडे नळ फिरवला की गरम पाणी येतं. लातूरला २०१६ मध्ये आम्ही मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलोय. आमच्या पोरांचा नीटनेटकेपणा हा हिशोब करून वाचवलेल्या बादलीतून येतो. त्याचं मोल तुमच्या कागदावर कुठे लिहिता येईल? पण प्रश्न त्यांचाच बरोबर होता, हेही मी मान्य करते.

तो विषय निघून गेल्यावर वर्कशॉप उरलं, आणि ते खरंच लागणार होतं. ग्राहकांसमोर उभे राहणारे साठ जण: क्वालिटी, सर्व्हिस इंजिनिअर, रिसेप्शन. मजकुराचं पान मी नव्याने लिहिलं. "मुलींसाठी" आणि "मुलांसाठी" असे भाग काढले. दाढी ठेवा किंवा काढा, पण कडा कोरलेल्या असाव्यात. केस झाकलेले असोत वा मोकळे, मशीनजवळ बांधलेले हवेत. नांदेडच्या एका सरदारजी इंजिनिअरने पगडीचं विचारलं, तेव्हा उत्तर कागदावर आधीच होतं: पगडी आणि दाढी जशी आहे तशी, फक्त स्वच्छ. कॉलरमध्ये दोन बोटं सहज जावीत, एवढं मापाचं गणित. घाम रोखणारा रोल-ऑन रात्री कोरड्या काखेला लावायचा, सकाळी घाईत नाही. बरेच जण हे ऐकून वहीत लिहून घेत होते.

आता पैसे. साठ जण एका हॉलमध्ये एक तास, हे मी नाकारलं. माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःची कॉलर, बाही, बूट बघत नाही तोवर काही बदलत नाही, आणि एका आरशाला सात-आठ जणांवर वेळ पुरत नाही. म्हणून तीन आरसे आणि वीस जणांची बॅच. तीन बॅचेस, प्रत्येकी तीन तास, दोन दिवस. मी डोक्यामागे दर लावत नाही, दिवसाचा लावते: सत्तावीस हजार. दोन दिवसांचे ५४,०००. मॅनेजरनी लगेच भाग दिला, "म्हणजे नऊशे पर हेड?" मी म्हटलं, वीसच्या जागी पंधरा आले तरी दिवसाचा दर तोच राहतो, आणि तुम्ही पंचवीस पाठवले तरी बॅच वीसचीच राहील. ते मानले.

मी परदेशात राहते, त्यामुळे करात गुंतागुंत नको म्हणून बिल माझ्या धाकट्या बहिणीच्या फर्मच्या नावाने. तिची उलाढाल वीस लाखांच्या आत, म्हणून जीएसटी नाही; पण व्हेंडर फॉर्ममध्ये जीएसटी नंबरचा रकाना रिकामा राहिला की सिस्टिम अडते, तिथे नोंदणी नसल्याचं पत्र आधीच जोडावं. अर्धी रक्कम आधी मागितली. १० टक्के टीडीएस कापून २४,३०० आले.

लॉजिस्टिकमध्ये मात्र मी चुकले. आरसे शहागंजच्या ओळखीतल्या टेलरकडून भाड्याने आणले, आणि गेटवर रिटर्नेबल गेट पासच नाही म्हणून पाऊण तास ट्रॉलीवर पडून राहिले. पेनड्राइव्ह आत नेता आला नाही, लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून द्यावा लागला. पहिली बॅच नाईट शिफ्ट सुटलेल्या लोकांची ठेवली होती. निम्मे डोळे मिटत होते. आता हे तीनही मुद्दे माझ्या प्रपोजलच्या शेवटच्या पानावर आहेत: आरशांचा गेट पास आदल्या दिवशी, स्लाइड्स मेलने, आणि नाईटनंतर बॅच नाही.

दुसरी अर्धी रक्कम अजून यायची आहे. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या फर्मला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, हे बहिणीने बिलाखाली टाइप करून ठेवलं होतं. आज एकोणचाळिसावा दिवस. मी लेस्टरला परत आलेय, आणि ती दर सोमवारी अकाउंट्सला फोन करते.