तक्त्यात 17 टक्के, माझ्या खात्यात शून्य

पैसे गुंतवायला मला अर्धा तास लागला. ते का वाढले नाहीत, हे समजून घ्यायला मात्र बँकेच्या तीन चकरा झाल्या. त्या चकरांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

जानेवारी 2021. एफडी सुटली होती, तीन लाख हातात होते. बँकेतल्या मुलाने एक छापील तक्ता पुढे सरकवला. सर्वांत वर एक फार्मा फंड, एका वर्षाचा परतावा 60 टक्के. त्या आठवड्यात पुण्यातून लशीचे ट्रक निघत होते आणि टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. आपल्याच गावची लस, मग औषधांचा फंड पडेल कसा? (सीरम इन्स्टिट्यूट शेअर बाजारात नोंदलेलीच नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे ज्या कंपनीच्या भरवशावर मी सही केली, ती त्या फंडात नव्हतीच.) शेजारच्या रकान्यात तीन वर्षांचा परतावा होता, दरसाल 15 टक्के. म्हटलं, एका वर्षाचा फुगा नाही, माल टिकाऊ आहे.

पहिल्या वर्षी 11 टक्के मिळाले. तोंड वाकडं झालं, कारण त्याच वर्षी निफ्टी 24 टक्के वाढला होता. दुसऱ्या वर्षी फंड 10 टक्के पडला. जानेवारी 2023 मध्ये खातं उघडलं तर शिल्लक 2 लाख 99 हजार 700. दोन वर्षांत तीनशे रुपये गेले!

तक्ता मागायला कोथरूडच्या शाखेत गेलो. त्यात तोच फंड, तीन वर्षांचा परतावा दरसाल 17 टक्के. मी विकत घेतला तेव्हाच्या 15 पेक्षाही जास्त! मला वाटलं, माझ्या खात्यात काहीतरी गोंधळ आहे. मुलगा म्हणाला, "सर, सिस्टीम बरोबर आहे." दुसऱ्या खेपेला मॅनेजर म्हणाले, "म्युच्युअल फंडात धीर धरावा लागतो." तिसऱ्या खेपेला टोकन घेऊन पाऊण तास बसलो आणि माझा अर्ज "वर पाठवला" गेला. तो वर कुठे गेला, देव जाणे.

गाठ सुटली ती घरी, बायकोच्या वहीत. ती म्हणाली, "अरे, तीन वर्षं एकत्र का बघतोयस? एकेक वर्ष सुटं कर ना." म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना अ‍ॅम्फी, तिच्या वेबसाइटवर प्रत्येक फंडाची जुनी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा त्या दिवशीचा भाव, फुकट मिळते. दर डिसेंबरातल्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही आम्ही लिहून काढली आणि प्रत्येक आकड्याला आधीच्या वर्षीच्या आकड्याने भागलं. गोल आकड्यांत असं निघालं: 2018 उणे 6, 2019 अधिक 1, 2020 अधिक 60, 2021 अधिक 11, 2022 उणे 10.

आता पहिला तक्ता पाहा. 100 रुपयांचे 94, मग 95, मग 152. शंभराचे तीन वर्षांत 152 म्हणजे दरसाल 15 टक्के. पण त्यातली दोन वर्षं रिकामी होती, सगळा भार एकट्या 2020 ने उचललेला. दुसऱ्या तक्त्यात 2018 आणि 2019 बाहेर गेली, पण 2020 आतच राहिलं. 100 चे 160, मग 178, मग 160. म्हणून 17 टक्के. ते 60 टक्के दोन्ही तक्त्यांत आहेत, फक्त माझ्या खात्यात नाहीत, कारण मी ते संपल्यावर आलो. बँकेचा आकडा खोटा नव्हता, म्हणून तर जास्त चीड आली.

म्हणजे एका वर्षाच्या जोडीला तीन वर्षांचा रकाना पाहिला की खातरजमा झाली, हा समज चुकीचा. दोन्ही रकाने एकाच दिवशी संपतात, त्यामुळे ताजं तेजीचं वर्ष दोन्हीकडे शिरतं. सुटी वर्षं बघा, नाहीतर रोलिंग रिटर्न बघा. त्यात वेगवेगळ्या दिवशी सुरू होणारे कित्येक तीन-तीन वर्षांचे तुकडे मोजतात, त्यामुळे एका वर्षाला सगळं झाकता येत नाही. आणि हो, एनएव्ही उतरवताना ग्रोथ पर्यायाचीच घ्या, म्हणजे ज्यात नफा फंडातच राहतो. पैसे वाटणाऱ्या पर्यायात वाटपानंतर एनएव्ही खाली येते आणि भागाकार चुकतो. आमची पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

अशा हिशोबाने पुढचं वर्ष कळत नाही, तेवढं मात्र मान्य. औषध कंपन्या 2020 आधी बरीच वर्षं मार खाऊन स्वस्त झाल्या होत्या, तेव्हा कोणत्याच तक्त्याने त्यांना वर आणलं नव्हतं. तेच तीन लाख साध्या निफ्टी इंडेक्स फंडात असते तर त्या दोन वर्षांत 3 लाख 80 हजारांच्या वर गेले असते. हे वाक्य मी बायकोसमोर उच्चारत नाही.

पैसे काढणं सोपं गेलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

परवा त्याच शाखेतून फोन आला, नवीन मुलगी होती. "सर, यंदाचा टॉप फंड आहे." मी म्हटलं, गेल्या पाच वर्षांचे आकडे एकेक वर्ष सुटे करून पाठवा. ती थोडा वेळ काहीतरी शोधत राहिली, मग म्हणाली, "सर, आमच्या तक्त्यात तो रकानाच नाहीये."